वापरलेले पॅड व डायपर : घर, शाळा आणि गाव

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा पाठ)



२०१८ साली महाराष्ट्रात अस्मिता योजना सुरू झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत मिळू लागले. पॅड अशा रीतीने खेड्यापर्यंत पोचले. त्याच सुमारास तान्ह्या मुलांचे डायपरही किराणा दुकानांतून एकेक नग सुटे विकले जाऊ लागले. वस्तू घरात येण्याची वाट अशी सुगम झाली. पण वापर झाल्यावर ती घरातून कोठे जावयाची, याचा विचार मागे राहिला. म्हणून गावाबाहेरच्या ओढ्याच्या काठी, पांदीत किंवा शाळेच्या मुतारीमागे कागदात गुंडाळलेले हे जिन्नस पडलेले आढळतात. कुत्री ते फाडतात, गुरे त्यांत तोंड घालतात, आणि शेवटी कोणा एका सफाई कामगाराला ते हाताने गोळा करावे लागतात. या वस्तूंची रीतसर विल्हेवाट कशी लावावी, खेड्यात कोणती रीत चालते, कोणती चालत नाही आणि का, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तू समजून घेतली पाहिजे. पूर्वी घरोघर जुन्या लुगड्याच्या वा धोतराच्या घड्या वापरीत. ते सुती कापड धुऊन पुन्हा उपयोगी पडे आणि जीर्ण झाल्यावर पुरले तर काही महिन्यांत मातीत मिसळून जाई. आजचा पॅड दिसावयास कापसासारखा असला तरी तो कापूस नव्हे. त्याचा वरचा मऊ पापुद्रा बहुधा प्लॅस्टिकच्या तंतूंचा असतो, तळाशी ओल झिरपू न देणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, आणि मध्ये लाकडाच्या लगद्याची गादी असते. या गादीत बहुधा एक पांढरी भुकटी मिसळलेली असते. ती पाणी शोषून फुगते व तिची लापशीसारखी चिकट गोळी होते. डायपरची घडणही अशीच असते. मात्र त्यात ही भुकटी अधिक असते आणि कमरेशी रबरी पट्ट्या असतात. यातील लगदा तेवढा कुजतो. प्लॅस्टिक वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि फुगलेली भुकटी ओल धरून ठेवते. पुढे ज्या अडचणी सांगावयाच्या आहेत, त्या बहुतेक या दोन गुणांतून उत्पन्न होतात : एक भाग कुजत नाही, आणि दुसरा वाळत नाही.

आता ज्या वाटांनी या वस्तू जाऊ नयेत त्या पाहू. पहिली वाट शौचकूपाची. खेड्यांतील बरेचसे संडास दोन शोषखड्ड्यांचे असतात. भांड्याखालच्या बाकात सुमारे २० मिलिमीटर पाणी साठून राहते व त्यामुळे दुर्गंधी वर येत नाही. पॅड या बाकात अडकला की फुगतो आणि वाट बंद होते. तो पुढे गेलाच तर खड्ड्यात पडतो. खड्ड्याच्या भिंतीत पाणी जिरण्यासाठी जी छिद्रे ठेवलेली असतात त्यांवर तो बसतो, आणि खड्डा वेळेपूर्वीच भरल्यासारखा होतो. शिवाय भरलेला खड्डा बंद ठेवून पुढे त्यातून जे सोनखत काढावयाचे, त्यात प्लॅस्टिकच्या चिंध्या निघतात व ते शेतात घालण्यास शेतकरी धजत नाही. भांड्यात दोन तांबे पाणी ओतल्यावर ते रेंगाळत उतरू लागले, तर अशी एखादी वस्तू आत गेली असल्याचा संशय घ्यावा.

दुसरी वाट उकिरड्याची. उकिरड्यात किंवा गांडूळखताच्या वाफ्यात पॅड टाकला असता लगदा कुजून जातो आणि प्लॅस्टिकचे पापुद्रे खतात राहतात. तिसरी वाट अग्नीची. आणि हिच्याविषयी समज फार दृढ असल्यामुळे ती सविस्तर सांगितली पाहिजे. पुष्कळ स्त्रिया पॅड पाणी तापवण्याच्या बंबात किंवा परसात जाळतात. कोणाच्या दृष्टीस पडू नये, हा त्यामागचा हेतू असतो. पण ओला पॅड नीट पेटत नाही, तो धुमसतो. प्लॅस्टिक पूर्ण जळण्यास सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहणारी उष्णता व भरपूर हवा लागते. बंबात किंवा उघड्या शेकोटीत ती एकसारखी टिकत नाही. मग अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होण्याची भीती राहते. हा धूर प्रथम जाळणाऱ्या बाईच्याच श्वासात जातो.

काही शाळांना पॅड जाळण्याची विजेची लहान यंत्रे मिळाली आहेत. त्यांचीही परीक्षा याच कसोटीवर करावी. यंत्र नीट चालत असेल तर धुराड्यातून काळा धूर येत नाही, जळक्या प्लॅस्टिकचा दर्प येत नाही, आणि तळाच्या कप्प्यात करड्या रंगाची भुसभुशीत राख उरते. राखेत काळे गोळे किंवा चिकट पापुद्रे सापडले तर ज्वलन पुरे झालेले नाही, हे निश्चित समजावे. एका वेळी ठरल्यापेक्षा अधिक पॅड कोंबणे, वीज मध्येच जाणे, धुराडे वर्गाच्या खिडकीखालीच संपणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. डायपर तर अशा यंत्रात कधीच घालू नये. त्यातील ओल इतकी असते की यंत्राची सारी उष्णता ती सुकवण्यातच खर्ची पडते.

मग योग्य रीत कोणती? तिचा आरंभ घरातच होतो. वापरलेला पॅड धुण्याची गरज नाही. धुतल्याने आतील भुकटी अधिक फुगते, पाणी वाया जाते आणि चिकट गोळे मोरीत अडकतात. पॅडची मळलेली बाजू आत घेऊन गुंडाळी करावी, ती नव्या पॅडच्या वेष्टनात किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदात बांधावी आणि वर दोरा गुंडाळावा. पुडीवर लाल पेन्सिलीने एक ठसठशीत ठिपका काढावा. पुडी झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाकावी आणि हात साबणाने धुवावेत.

डायपरच्या बाबतीत एक पायरी आधी येते. त्यात विष्ठा असेल तर ती प्रथम संडासात झटकून टाकावी. मूल लहान असले तरी त्याच्या विष्ठेतून रोगजंतू पसरतात. ती डायपरसह कचऱ्यात गेली तर संडास बांधण्याचा हेतूच त्या घरापुरता विफल होतो. त्यानंतर डायपर पुढून मागे गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी आवळावा आणि कागदात बांधून त्याच डब्यात टाकावा.

लाल ठिपक्याचे प्रयोजन पुण्याच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. तेथे १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरचा कचरा हाताने निवडणाऱ्या या कामगारांना, बहुशः स्त्रियांना, उघडे पॅड व डायपर रोज हाताळावे लागत. म्हणून जुन्या वर्तमानपत्रांच्या खास पिशव्या त्यांनीच तयार केल्या, आणि पुडीवर लाल खूण करण्याचा प्रचार झाला. खूण दिसली की पुडी उघडून पाहावी लागत नाही. हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. कावीळ ब या रोगाचा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि कचरा निवडणाऱ्याच्या बोटाला पत्र्याची चीर पडणे ही नित्याची गोष्ट आहे. घरात एका पुडीवर काढलेला ठिपका कोणाच्या तरी हाताचे रक्षण करतो, तो असा.

नियमही याच दिशेने गेले आहेत. घनकचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले पॅड व डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात ठेवावेत, असे म्हटले होते. आणि अशा वस्तू तयार करणाऱ्यांनी पाकिटासोबत प्रत्येक नगाला वेष्टन देण्याची जबाबदारीही त्यांत होती. २०२६ साली जाहीर झालेल्या नव्या नियमांत ओला, सुका, पॅड-डायपरांसारखा सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, असे चार प्रकार वेगळे करण्यास सांगितले आहे. म्हणजे या पुड्यांना आता स्वतःचा डबा मिळाला.

पण डबा भरल्यावर पुढे काय? खेड्यात पहिले उत्तर येते ते पुरण्याचे. ते उत्तर किती पुरते, हे एका शाळेचा हिशेब करून पाहू. समजा, सातवी-आठवीपर्यंतच्या एका शाळेत पाळी येऊ लागलेल्या २४ मुली आहेत. शाळेच्या वेळेत प्रत्येकीने महिन्यातून तीनदा पॅड बदलला तर ७२ पुड्या होतात. एका लिटरच्या मापात सुमारे सात पुड्या मावतात. म्हणजे महिन्याचा कचरा दहा लिटर, एका लहान बादलीइतका. हे प्रमाण पाहून खड्डा वर्षानुवर्षे पुरेल असे वाटते.

आता खड्ड्याचे नियम घेऊ. दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांत खोल खड्ड्याचे जे प्रमाण दिले आहे, तेच येथे आधारास घेणे बरे. खड्डा दोन मीटर खोल असावा. कचरा टाकला की प्रत्येक वेळी वर १० सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. खड्डा निम्मा भरला की चुना घालून उरलेला भाग मातीने बुजवावा. भोवती जाळीचे कुंपण असावे, जवळ वस्ती व विहीर नसावी, आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून निदान सहा मीटर खाली असावी. समजा खड्डा एक मीटर लांब व एक मीटर रुंद आहे. दहा लिटर कचऱ्याचा त्यात जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा थर होईल. पण पंधरा दिवसांनी एकदा कचरा टाकला तर मातीचे महिन्याला दोन थर, म्हणजे २० सेंटिमीटर माती पडेल. वापरावयाची उंची एक मीटर. ती पाच महिन्यांच्या आत संपेल. आणि खड्डा भरला तो पॅडांनी नव्हे, मातीने! मातीचा थर टाळला तर कुत्री उकरतात व माश्या होतात. म्हणून शाळेला वर्षाकाठी दोन खड्डे लागतील, आणि पाच वर्षांत पटांगणाच्या एका कोपऱ्यात दहा बुजवलेले खड्डे असतील. त्यांतील प्लॅस्टिक जसेच्या तसे राहील.

भूजलाची अट पाहताना आणखी एक सावधगिरी हवी. विहिरीची पातळी वैशाखात पाहू नये, भाद्रपदात पाहावी. उन्हाळ्यात तळ दाखवणारी विहीर पावसाळ्यात पुष्कळदा काठोकाठ येते. कोकणपट्टीत व कालव्याखालच्या गावांत ही अट बहुधा पाळताच येणार नाही. तेथे खड्डा हा उपाय सोडूनच द्यावा. अन्यत्रही तो तात्पुरता उपाय होय. गावाची गोळा करण्याची व्यवस्था उभी राहीपर्यंत शाळेने त्यावर काम भागवावे, एवढेच त्याचे स्थान.

आता हाच हिशेब गावाला लावू. बाराशे वस्तीचे गाव घ्या. त्यात पाळी येणाऱ्या वयाच्या सुमारे ३०० स्त्रिया असतील व त्यांपैकी निम्म्या विकतचे पॅड वापरीत असतील, असे धरू. महिन्याला प्रत्येकी बारा याप्रमाणे १,८०० पॅड होतात; वापरलेल्या पॅडचे वजन सरासरी ३० ग्रॅम धरल्यास ५४ किलो. आता डायपर. वीस मुलांना दिवसाला दोन, तर महिन्याला १,२०० डायपर. भिजलेला डायपर २०० ग्रॅमचा धरल्यास २४० किलो! म्हणजे ज्या पॅडविषयी सारे संकोचाने कुजबुजतात त्यांच्यापेक्षा, ज्या डायपरविषयी कोणालाच संकोच नाही त्यांचे ओझे चौपटीहून अधिक आहे. मुले अवघी वीस, आणि स्त्रिया दीडशे, तरीही हे असे. जागेचा हिशेब केला तर दोन्ही मिळून महिन्याला सुमारे एक हजार लिटर, म्हणजे वर सांगितलेला पुरा एक खड्डा, मातीचा एकही थर न देता. गावाने पुरण्याचा मार्ग धरला तर दर महिन्याला नवा खड्डा खणावा लागेल, हे उघड आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, भार हलका करावयाचा असेल तर हात प्रथम डायपरला घालावा. दिवसा घरात असताना मुलाला सुती लंगोट आणि रात्री वा प्रवासात डायपर, एवढे केले तरी दिवसाचे दोन डायपर एकावर येतात आणि महिन्याला १२० किलो कचरा कमी होतो. ज्या स्त्रियांना कापडी घड्या किंवा शिवलेले कापडी पॅड सोयीचे वाटतात, त्यांनी ते थंड पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत. काळोखात, दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळत घालू नयेत. ही निवड मात्र ज्या त्या स्त्रीची. पाण्याची टंचाई असलेल्या घरावर कापडाचा आग्रह धरू नये.

दुसरी गोष्ट ही की, उरलेला कचरा गावाबाहेर नेलाच पाहिजे, आणि तो नेता येण्याजोगा आहे. महिन्याचे तीनशे किलो म्हणजे दिवसाचे दहा किलो. आठवड्यातून दोनदा गाडी फिरली तर एका खेपेला सुमारे ३५ किलो जमतील, आणि ते दोनशे लिटरच्या एका झाकणाच्या पिंपात सुखाने मावतील. ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवर असे एक पिंप, वेगळ्या रंगाचे व चांगल्या झाकणाचे, बसवणे अवघड नाही. वार ठरलेले असावेत व ते बदलू नयेत. कारण वार चुकला की पुडी घरात राहत नाही, ती ओढ्यावर जाते. पुडी घरच्या बाईने स्वतः पिंपात टाकावी, म्हणजे ती कोणाच्या हातात द्यावयाचा संकोच राहत नाही. कामगाराला जाड हातमोजे, बूट व साबण द्यावा, आणि कावीळ ब ची लस टोचून घेण्याची सोय आरोग्य केंद्राकडून करवावी.

या व्यवस्थेत सर्वांत अधिक बिघडते ते शेवटचे टोक. पिंप भरते, पण ते कोठे रिकामे करावयाचे हे ठरलेले नसते. मग ते गावाच्या कचराडेपोवर ओतले जाते आणि एखाद्या संध्याकाळी काडी लावली जाते. जी गोष्ट घरोघरच्या बंबांत होऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, ती एका ठिकाणी मोठ्या प्रमाणावर होते. म्हणून पहिली पुडी गोळा करण्यापूर्वीच शेवटची जागा लेखी ठरली पाहिजे. जवळच्या नगरपालिकेची सॅनिटरी कचऱ्याची सोय, किंवा दवाखान्यांचा कचरा उच्च उष्णतेत जाळणारे मान्यताप्राप्त सामाईक केंद्र, यांपैकी एकाशी ग्रामपंचायतीने करार करावा. कचरा आठवड्यातून कोणत्या दिवशी व किती वजनाचा येणार हे त्यात नमूद असावे. असा करार होत नसेल तर गोळा करण्यास आरंभ करू नये.

व्यवस्था चालते आहे की नाही, हे ओळखण्यास वजनाची एक साधी वही पुरते. प्रत्येक खेपेचे वजन तीत लिहावे. दर खेपेला ३५ किलोंच्या आसपास येणारा आकडा एकाएकी पंधरावर आला, तर गावाने कमी वापरले असे समजण्याची घाई करू नये. वार चुकला का, पिंपाचे झाकण मोडले का, गाडी एखाद्या आळीत जाणे थांबले का, हे पाहावे. आणि ओढ्याच्या काठी एक फेरी मारून यावी. आणलेले व पुढे पाठवलेले वजन जुळत नसेल, तर मधल्या मध्ये कोठे तरी काडी लागते आहे.

या साऱ्यात शिक्षकाचे काम किती? ग्रामपंचायतीची गाडी हाकणे हे त्याचे काम नव्हे. पण मुलींच्या स्वच्छतागृहात पायाने उघडणारा झाकणाचा डबा, कापलेल्या कागदांची चळत, दोऱ्याची रीळ आणि साबण ठेवणे शाळेच्या हाती आहे. डबा आतच असावा, दाराबाहेर नव्हे; बाहेरच्या डब्यापर्यंत पुडी घेऊन कोणी मुलगी जाणार नाही. पुडी कशी बांधावी हे शिक्षिकेने नव्या, कोऱ्या पॅडवर करून दाखवावे. शिक्षिका नसेल तर अंगणवाडीसेविकेस किंवा आशाताईंना बोलवावे. डबा रिकामा करण्याचे काम कोणत्याही विद्यार्थ्यावर वा विद्यार्थिनीवर सोपवू नये. पाळीपाळीनेही नाही, आणि विशिष्ट घरच्या मुलांवर तर मुळीच नाही. ते काम मोबदला देऊन, हातमोजे देऊन, प्रौढ व्यक्तीकडूनच करवावे.

आणि वर जो हिशेब केला, तो सातवीच्या गणिताच्या तासाला सहज बसतो. मुलामुलींनी आपल्या आळीतील डायपर लावणारी मुले मोजावीत, दिवसाचे नग विचारावेत, महिन्याचे वजन काढावे. पॅडचा आकडा घरोघर विचारण्याची गरज नाही. तो शिक्षिकेने अंदाजाने द्यावा. असा आपल्याच गावाचा हिशेब फळ्यावर मांडला गेला, की तो ग्रामसभेत वाचून दाखवता येतो. पिंप किती मोठे हवे, गाडी आठवड्यातून किती वेळा हवी आणि करार किती वजनाचा करावयाचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका फळ्यावर असतात.